कंदीलवाली हळद

वकीलसाहेबांच्या टेबलावर अण्णांनी दोन पाकिटं ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. दोन्ही दोनशे ग्रॅमची, दोन्ही पिवळीधमक. वर लाल पट्टा, पट्ट्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव, खाली वाटीभर हळद आणि तिला टेकून दोन-तीन हळकुंडं. एक पाकीट अण्णांचं, दुसरं शेजारच्या तालुक्यात वर्षभरापूर्वी सुरू झालेल्या एका कारखान्याचं. त्याच्यावरचं नाव वेगळं होतं, पण वीतभर लांबून बघितलं तर नाव कोण वाचतंय?

"ही चोरी नाही तर काय?" अण्णा म्हणाले.

मी सांगलीत पाकिटांचं डिझाइन करते. मसाले, चटण्या, भडंग, बेदाणा असली कामं असतात. अण्णांचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं, म्हणून त्यांनी मलाही सोबत नेलं होतं. वकीलसाहेब काही न बोलता उठले, कपाटातून एक पिशवी काढली आणि तिच्यातली आणखी चार पाकिटं त्या दोघांच्या रांगेत मांडली. आदल्या दिवशी घरी जाताना त्यांनी ती एकाच किराणा दुकानातून घेतली होती. चारही पिवळी, तीन पाकिटांवर लाल पट्टा आणि सगळ्यांवर हळकुंडं.

"समोरचा वकील कोर्टात नेमकं हेच करणार," ते म्हणाले. "तो म्हणेल, हळद पिवळी असते म्हणून पाकीट पिवळं. हळकुंडाचं चित्र नाही छापायचं तर काय वांग्याचं छापायचं?"

अण्णांच्या ब्रँडचं नाव नोंदलेलं होतं, पण नाव कुणी चोरलंच नव्हतं. राहता राहिला 'सांगली' हा शब्द, जो अण्णांच्या पाकिटावर मोठा होता आणि त्या दुसऱ्याच्याही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते या भागातल्या हळदीचं आहे, कुणा एका व्यापाऱ्याचं नाही. म्हणजे ज्या शब्दावर अण्णांची सगळ्यात जास्त भिस्त होती, त्यावर त्यांचा एकट्याचा हक्क सांगता येत नव्हता.

मग वकीलसाहेबांनी पार्लेच्या खटल्याची गोष्ट सांगितली. 1972 साली सुप्रीम कोर्टात लागलेला हा निकाल पाकिटांच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकायला हवा असा आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतातलं घर, पाण्याची बादली घेतलेली मुलगी, गाई आणि कोंबड्या असं चित्र होतं. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या ग्लुकोज बिस्किटांवर तसंच मुलीचं, गाई-कोंबड्यांचं चित्र घेतलं. बारकाईने बघितलं तर फरक बरेच होते. कोर्ट म्हणालं की दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नाही. ज्याने एक वेष्टन पूर्वी पाहिलंय त्याच्या हातात दुसरं ठेवलं तर तो फसेल का, एवढंच बघायचं. पार्ले जिंकली.

अण्णांची कळी खुलली. "मग आपलंही तेच की!"

"अण्णा, बिस्किट विकायला गाई-कोंबड्या लागत नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "म्हणून दुसऱ्याने त्या घेतल्या की कशासाठी घेतल्या ते दिसतं. तुमच्या पाकिटावर गाई-कोंबड्या कुठे आहेत?"

खोलीत कुणीच बोललं नाही. त्या पाकिटावर हळदीशी संबंध नाही असं काही नव्हतंच, निदान पुढच्या बाजूला तरी नव्हतं. दावा लावता येईल, मनाईचा तात्पुरता हुकूम कदाचित मिळेलही, पण तोवर तो माणूस लाल पट्ट्याचा नारिंगी करून पुन्हा दुकानात उभा राहील, हे वकीलसाहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. फी बुडवून खरं बोलणारा माणूस विरळाच.

खरा तोटा कुठे होतोय ते बघायला मी तासगावच्या बाजारात एका दुकानाच्या कडेला उभी राहिले. शहरातल्या मॉलमध्ये गिऱ्हाईक मांडणीवरून स्वतः पाकीट उचलतं. इथे तसं नाही. बाई काउंटरपाशी येते, "पाव किलो शेंगदाणे, साबण आणि हळदीची पुडी" म्हणते, आणि पुडी दुकानदार काढून देतो. त्या दुसऱ्या हळदीवर त्याला पाकिटामागे जवळपास दुप्पट सुटत होते. मग तो कुठलं काढणार? एका बाईंनी "ती सांगलीची पिवळी पुडी" असं आवर्जून सांगितलं, तरी त्यांच्या पिशवीत दुसरीच गेली. दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. तीही सांगलीकडची होती आणि पिवळीही होती. बाईंना हवी होती ती हळद नेमकी मागायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

इथे माझं काम मला कळलं. अण्णांना पाकीट 'आणखी आकर्षक' करून हवं होतं. गरज होती ती दोन गोष्टी एकदम करणाऱ्या खुणेची: नाव झाकलं तरी अण्णांचीच हळद आठवली पाहिजे, आणि ती खूण तोंडाने मागता आली पाहिजे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला एरेनबर्ग-बास नावाची संशोधन संस्था आहे. तिथल्या जेनी रोमॅन्युक यांनी अशा खुणा मोजायची एक सोपी रीत मांडली आहे. ब्रँडचं नाव पुसून खूण लोकांना दाखवायची आणि विचारायचं की कोणता ब्रँड आठवतो. पर्याय द्यायचे नाहीत. शंभरातल्या किती जणांनी तुमचं नाव घेतलं ही त्या खुणेची ओळख. आणि त्या खुणेवर जेवढी नावं घेतली गेली त्यांतली किती तुमची, हा तिचा वेगळेपणा. दोन्ही आकडे लागतात. ओळख भरपूर पण वेगळेपणा नाही, अशी खूण एकटी वापरली तर जाहिरात तुम्ही करता आणि माल दुसऱ्याचा खपतो.

मी पाच कार्डं केली. पहिल्यावर फक्त पिवळ्या-लाल रंगांची मांडणी, दुसऱ्यावर वाटी आणि हळकुंडं, तिसऱ्यावर नावाच्या अक्षरांचं वळण, पण अक्षरं बदललेली. चौथ्यावर पाकिटावरचं घोषवाक्य. पाचवं कार्ड मी नाइलाजाने केलं, चार फार कमी वाटत होती म्हणून. पाकिटाच्या मागे, परवाना क्रमांकाच्या वर, नखाएवढा एक कंदील होता. दोरीला लटकलेला, काळ्या रेघांचा. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "ते जुनं आहे. वडिलांनी पोत्यांवर छापायला एका रंगाऱ्याकडून काढून घेतलं होतं. राहिलंय आपलं."

त्या कंदिलामागे हरिपूर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच निकामी झाली. तोंड निमुळतं, पोट मोठं आणि खोल. महिनोन्‌महिने बंद राहिल्यावर आतली हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. म्हणून पेव उघडलं की ते बराच वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर आत उतरायचं नाही. अण्णांचे वडील पेवाच्या तोंडाशी उभं राहून कंदील सोडत, त्याचं ते चित्र.

शंभर जणांना विचारायचं ठरवलं. तासगावचा बाजार, सांगलीत गणपती पेठ आणि मिरजेत स्टेशनच्या बाजूची दुकानं. अट एकच, गेल्या तीन महिन्यांत त्यांनी पाकिटातली हळद घेतलेली असावी, मग ती कुणाचीही असो. अण्णांना त्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं हवी होती. मी नको म्हटलं. आपल्याच गिऱ्हाइकांना विचारलं तर आपलंच नाव येणार, आणि जो माणूस दुसऱ्याकडे वळतोय त्याचं काही कळणार नाही. धाकट्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, सोबत आल्या. बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत होत्या, माझ्याशी नाही. माझ्या हातात पॅड होतं, मी सरकारी वाटत असणार.

रंगाच्या कार्डावर शंभरातल्या 62 जणांनी कुठलं ना कुठलं नाव घेतलं. त्यांत अण्णांचं 17 वेळा आलं आणि त्या नक्कल करणाऱ्याचं 11 वेळा. उरलेली बहुतेक मतं टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या मुंबईच्या एका मोठ्या मसाला कंपनीला गेली. म्हणजे ओळख 17 टक्के, वेगळेपणा 62 मध्ये 17, जेमतेम 27 टक्के. हळकुंडांच्या कार्डावर तर 55 नावं आली आणि त्यांत आमची फक्त 9. हे पुढेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जे चित्र सगळेच वापरतात ते बघून लोकांना बाजारातला सगळ्यात मोठा ब्रँड आठवतो. अण्णा इतकी वर्षं ज्या वाटीचा फोटो दर दोन वर्षांनी नव्याने काढून घेत होते, त्या फोटोने मुंबईच्या कंपनीची जाहिरात केली. अक्षरं आणि घोषवाक्य यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कुणाला काही आठवलं नाही.

कंदिलाचं कार्ड मी शेवटी दाखवत होते. पहिल्या काही तरुण मुलींनी खांदे उडवले. मग लसणाच्या ढिगामागे बसलेल्या एका आजींनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपाशी नेलं आणि म्हणाल्या, "ही कंदिलाची व्हय? आमच्या सासूबाई हीच आणायच्या. सुटी मिळायची, पोत्यावर असायचा ह्यो. हाय का अजून?"

वहिनींनी पिशवीतून पाकीट काढून मागची बाजू दाखवली. आजी बघतच राहिल्या. "मागं कशाला टाकलाय त्याला?"

दिवसभर हेच ऐकू येत राहिलं. कुणी 'कंदीलवाली' म्हणे, कुणी 'पेवाची', ब्रँडचं छापील नाव फार थोड्यांच्या तोंडी आलं. रात्री हिशोब केला तर 34 जणांनी अण्णांची हळद ओळखली होती, आणि त्या कार्डावर एकूण नावंच 37 आली होती. ओळख 34 टक्के, वेगळेपणा 92 टक्के. पण एक खोट होती. ओळखणारे बहुतेक सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे होते. पोती गेली, पाकिटं आली आणि कंदील मागच्या बाजूला गेला, तेव्हापासूनच्या पिढीला तो ठाऊकच नव्हता. तसाच ठेवला असता तर आणखी काही वर्षांनी हा आकडा आपोआप शून्यावर आला असता.

अण्णांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटेल असा होता: "हळदीच्या पाकिटावर कंदील बघून लोकांना रॉकेल वाटलं तर?" म्हणूनच पिवळा रंग काढायचा नाही, असं मी सांगितलं. पिवळ्या रंगाचं काम 'ही हळद आहे' एवढंच सांगण्याचं, आणि ते तो चोख करतो. 'ही कुणाची' हे सांगायचं काम त्याच्यावर टाकलं होतं, तिथे गणित चुकलं होतं. हळकुंडं खाली कोपऱ्यात लहान केली. वाटी काढून टाकली. लाल पट्टा अर्ध्याने कमी केला. कंदील पुढच्या बाजूला आणला, पाकिटाच्या उंचीच्या जवळजवळ निम्मा, दोरी थेट वरच्या सीलपासून खाली येणारी.

कंदील काळाच ठेवायचा, ही माझी अट होती. पिवळ्यावर काळं सगळ्यात लांबून दिसतं, हे एक कारण. दुसरं पैशाचं. असल्या पाकिटांची फिल्म छापताना प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि खर्च तिथे असतो. काळ्या मजकुराचा सिलिंडर आधीच होता, आणि मांडणी बदलल्यामुळे तो नव्याने कोरायचाच होता. कंदील त्याच्यातच बसला, नवा रंग वाढला नाही. रंगाऱ्याच्या मूळ चित्रात काचेवर बारीक जाळी होती. दहा रुपयांच्या पुडीवर कंदील दीड सेंटिमीटरचा होतो आणि तिथे जाळीचा नुसता डाग दिसत होता. जाळी काढली. बाकी आकार जसाच्या तसा ठेवला, कारण लसणाजवळच्या आजींनी तोच ओळखला होता.

मग तो सगळीकडे गेला. खोक्यांवर, टेम्पोवर, बिलावर, दुकानदारांना दिलेल्या पाट्यांवर. आणि पाकिटावर नावाखाली एक ओळ आली: 'कंदीलवाली मागा'. जाहिरातीतल्या लोकांना ही ओळ फारच साधी वाटेल. काउंटरच्या दुकानात मात्र 'कंदीलवाली' म्हटल्यावर दुकानदाराला दुसरी पुडी काढून देता येत नाही. दिली तर गिऱ्हाईक तिथेच म्हणतं, "कंदील कुठाय?" तासगावच्या त्याच दुकानदाराने नंतर माझ्यापाशी कुरकूर केली की आता पोरंसोरंही पाकीट उलटंपालटं करून बघतात.

याच काळात वकीलसाहेबांनी नुसत्या कंदिलाची ट्रेडमार्कसाठी वेगळी नोंदणी करायला घेतली. हे अनेक जण करत नाहीत. पूर्ण लेबल एकगठ्ठा नोंदवतात आणि त्यातलं प्रत्येक चित्र आपलं झालं असं समजतात. कायदा तसं मानत नाही. लेबल पूर्ण नोंदवलं तर हक्क पूर्ण लेबलावर, त्यातल्या सुट्या तुकड्यावर नाही. तुकडा मोलाचा असेल तर त्याचा अर्ज वेगळा. मसाल्यांचा वर्ग 30, आणि छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये. अर्ज काळ्या-पांढऱ्यात केला. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं मानलं जातं, म्हणजे उद्या कुणी हिरवा कंदील काढला तरी पळवाट नाही.

जुनी फिल्म संपेपर्यंत बाजारात काही महिने दोन्ही पाकिटं होती. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तीच कार्डं घेऊन त्याच बाजारांत गेलो. कंदिलाची ओळख 51 वर गेली होती, आणि या वेळी ओळखणाऱ्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. रंगाच्या कार्डावर काही फरक नव्हता. पडायचं कारणही नव्हतं.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्या दुसऱ्या कारखान्याचं नवं पाकीट आलं. पिवळं, लाल पट्टा, आणि मधोमध काळ्या रेघांचा, दोरीला लटकलेला दिवा. कंदील म्हणा, चिमणी म्हणा, काच जरा गोल होती. अण्णा संतापाने लाल झाले. वकीलसाहेब पाकीट उलटसुलट करून बघत राहिले, आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"आल्या गाई-कोंबड्या," ते म्हणाले.

नोंदणी अजून पूर्ण झाली नव्हती. पण पोत्यांवरच्या जुन्या छाप्याचे फोटो होते, वडिलांच्या काळातली कंदील छापलेली बिलं होती. आधीपासूनचा वापर दाखवता येत होता आणि पाठोपाठची नक्कलही. नोटीस गेली. हळदीच्या पाकिटावर दिवा कशासाठी, या प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नव्हतं. पिवळ्या रंगाबद्दल त्याने भांडण केलं असतं, आणि बहुधा जिंकलाही असता. पुढच्या छपाईत दिवा गेला. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

तो माणूस अजून हळद विकतो, पिवळ्या पाकिटात. स्वस्तात घेणारं गिऱ्हाईक त्याचंच आहे आणि ते कंदिलाने परत येणार नाही. दहा रुपयांच्या पुड्यांच्या लडीतही आम्ही मार खाल्ला. लडी दुकानाच्या दारात टांगलेली असते, उन्हाने छपाई फिकी होते आणि लहान पुडी मागताना कुणी नाव घेत नाही, खूणही सांगत नाही. तिथे दुकानदाराची टक्केवारीच चालते. आणि ही सगळी कथा सारख्या दिसणाऱ्या मालाची आहे. मागच्या पावसाळ्यात आटपाडीकडे अण्णांच्याच नावाची, कंदिलासकट हुबेहूब बनावट पाकिटं सापडली. त्याला खूण काय करणार? बनावट करणारा खूणही छापतो. ते प्रकरण पोलिसांकडे गेलं आणि तिथेच आहे.

सध्या माझं आणि अण्णांचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून चालू आहे. कंदील चालतोय हे बघून त्यांना उत्साह आलाय. दिवाळीसाठी त्याचा आकाशकंदील करायचा, संक्रांतीला त्याच्याभोवती तिळगुळाचे दाणे, आणि काच तेवढी लाल. वहिनी माझ्या बाजूने आहेत. अण्णांनी परस्पर सिलिंडरवाल्याला फोन केल्याचं परवा कळलं. आता त्याला सांगून ठेवलंय की माझी सही आल्याशिवाय काहीही कोरायचं नाही.